शेकडा तीन रुपयांची उधारी

घाऊक मालाच्या बिलावर अगदी खाली, बँकेच्या खाते क्रमांकाच्या शेजारी, बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते : दहा दिवसांत पेमेंट केल्यास दोन टक्के सीडी, अन्यथा तीस दिवस. सीडी म्हणजे कॅश डिस्काउंट. जुन्या वहीखात्यात हिलाच रोख कसर म्हणत. रंग, हार्डवेअर, पाइप, टायर, कापड अशा कितीतरी धंद्यांत ही सवलत चालते. टक्के आणि दिवस धंद्यानुसार, कंपनीनुसार आणि हंगामानुसार बदलतात. अमेरिकेतल्या घाऊक व्यापारात मात्र ‘२/१०, नेट ३०’ ही अट इतकी रुळलेली आहे की, वाणिज्य शाखेच्या पुस्तकांतून ती जगभर नमुन्याचं उदाहरण होऊन बसली.

दुकानदार ही ओळ वाचतो आणि बऱ्याचदा सोडून देतो. त्याचं म्हणणं वरवर पटण्यासारखं असतं. दोन टक्क्यांसाठी आत्ताच पैसे कशाला मोकळे करायचे? महिनाभराची उधारी फुकट मिळतेय, तोवर माल विकून पैसे सुटतील, मग त्याच पैशांतून पार्टीला देऊ.

या विचारातला ‘फुकट’ हा शब्द तपासून पाहायला हवा.

समजा, बिल एक लाख रुपयांचं आहे. कराचा भाग तूर्त बाजूला ठेवू. दहाव्या दिवशी पैसे दिले तर ९८,००० रुपये पुरतात. तिसाव्या दिवशी दिले तर पूर्ण १,००,००० द्यावे लागतात. म्हणजे मालाची रोखीची किंमत ९८,००० आहे आणि वरचे २,००० हे थांबण्याचे पैसे आहेत. आता थांबायला मिळालं किती? तीस दिवस नव्हे. पहिले दहा दिवस तर सवलत घेणाऱ्यालाही मिळतातच, त्यांना खरोखरच काही पडत नाही. दोन हजार रुपये मोजून जे विकत घेतले, ते त्यापुढचे वीस दिवस. ९८,००० रुपये वीस दिवस वापरण्याचं भाडं २,००० रुपये, रोजचे शंभर.

इथे दोन चुका सहज होतात. पहिली, दोन हजारांना लाखाने भागायची. पण दुकानदाराच्या हातात वापरायला उरले ते ९८,००० रुपये, म्हणून टक्का त्यांच्यावर काढायचा. तो येतो २.०४. दुसरी चूक मोठी. हे दोन टक्के वर्षाचे समजले जातात, निदान महिन्याचे तरी. ते वीस दिवसांचे आहेत. वर्षात असे वीस-वीस दिवसांचे सव्वाअठरा तुकडे पडतात. २.०४ ला १८.२५ ने गुणलं की दरसाल ३७.२ टक्के येतात. व्याजावर व्याज धरलं तर आकडा ४४.६ टक्क्यांपर्यंत जातो. पण बँकेच्या दराशी सरळ तुलना करायला पहिला आकडा सोपा, म्हणून इथे तोच धरला आहे.

बाजाराच्या भाषेत सांगायचं तर ३७.२ टक्के म्हणजे महिन्याला शेकडा तीन रुपये दहा पैसे. खासगीत पैसे उचलताना शेकडा दोन ऐकलं तरी व्यापारी दहा वेळा विचार करतो, आणि करायलाच हवा. पण सीडी सोडणारा माणूस त्याहून महाग पैसा दर बिलाला वापरत असतो. त्याला व्याज म्हणून वेगळा आकडा कुठे दिसत नाही, कारण ते मालाच्या किमतीत मिसळून जातं. खरेदी खात्यात लाखाची नोंद होते आणि त्यातले दोन हजार व्याजाचे होते हे वही कधीच सांगत नाही.

यावर हमखास एक हरकत निघते. ‘मी काही एकाच बिलावर वर्षभर व्याज भरत नाही. दोन टक्के गेले तर दोन टक्केच गेले, ३७ कुठून आले?’ हरकत रास्त आहे, आणि तिचं उत्तर सूत्रातून मिळण्यापेक्षा दुकानाच्या हिशेबातून जास्त स्वच्छ मिळतं.

एखाद्या तालुक्याच्या गावातलं हार्डवेअरचं दुकान घेऊ. एकाच वितरकाकडून दर महिन्याला पाच लाखांचा माल येतो आणि अट तीच, दहा दिवसांत दोन टक्के, नाहीतर तीस दिवस. मालक सीडी घेत नाही. दर महिन्याला दहा हजार जातात, म्हणजे वर्षाला १,२०,०००. त्याच्या बदल्यात त्याला काय मिळतं? दर महिन्याला ४,९०,००० रुपये वीस दिवस जास्त वापरायला मिळतात. उरलेले दहा दिवस ते त्याच्याकडे नसतात. वर्षभराची सरासरी काढली तर वितरकाचे सुमारे ३,२२,००० रुपये त्याच्या धंद्यात कायम फिरत असतात. आता सव्वातीन लाखांच्या आतल्या या भांडवलावर तो वर्षाला एक लाख वीस हजार मोजतो. भागाकार केला की पुन्हा ३७.२ टक्केच येतात. हा आकडा कागदावर फुगवलेला नाही. एक बिल पाहिलं तर दोन टक्के दिसतात आणि वर्षाचं भांडवल पाहिलं तर सदतीस, व्यवहार तोच.

त्याच दुकानदाराकडे बँकेची कॅश क्रेडिटची, म्हणजे सीसीची मर्यादा आहे आणि दर ११ टक्के आहे असं धरू. दहाव्या दिवशी त्याने सीसीतून ४,९०,००० उचलून वितरकाला दिले आणि वीस दिवसांच्या विक्रीतून ते परत भरले, तर व्याज साधारण २,९५० रुपये पडतं. सवलत मिळाली दहा हजारांची. एका महिन्यात सात हजारांवर रुपये हातात राहिले. वर्षभरात बँकेला सुमारे ३५,४०० गेले आणि सीडीचे १,२०,००० वाचले, म्हणजे निव्वळ फायदा ८४,६०० च्या आसपास. प्रत्यक्षात व्याज याहूनही थोडं कमी लागेल, कारण सीसीवर व्याज रोजच्या शिल्लक बाकीवर लागतं आणि दुकानाचा गल्ला रोज थोडा थोडा जमा होत असतो. बाकी वीस दिवस तशीच पडून राहत नाही.

हे इतकं उघड असेल तर लोक करत का नाहीत? आळस हे उत्तर अपुरं आहे. खरी अडचण पहिल्या महिन्यात आहे. जूनच्या १ तारखेचं बिल तीस दिवसांनी, म्हणजे १ जुलैला द्यायचं असतं. १ जुलैला नवं बिल येतं आणि सीडी हवी तर ते ११ जुलैपर्यंत द्यावं लागतं. जुलै महिन्यात दोन बिलांचे पैसे एकदम, जवळपास दहा लाख. ऑगस्टपासून पुन्हा महिन्याला एकच. म्हणजे सवय बदलण्यासाठी ४,९०,००० रुपयांचा एक जादा हप्ता फक्त एकदाच उभा करावा लागतो. नेमक्या त्या एका महिन्यापायी अनेक दुकानं वर्षानुवर्षं महाग उधारीवर चालतात. सगळ्या पुरवठादारांचं एकदम जमत नसेल तर आधी एकाच पार्टीपासून सुरुवात करावी, जिची सीडी सर्वांत मोठी आणि माल सर्वांत नियमित. तिथे वाचलेल्या पैशांतून पुढच्या पार्टीचा पहिला महिना निघतो.

सीसी आधीच काठोकाठ भरलेली आहे, ही तक्रारही खरी असते. पण तिच्यात एक बारकावा आहे आणि तो बँकेत दर महिन्याला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये दडलेला आहे. बँक किती पैसे उचलू देणार, म्हणजे ड्रॉइंग पॉवर किती, हे ठरवताना ती गोदामातल्या पूर्ण मालावर पैसे देत नाही. ज्या मालाचे पैसे पार्टीला अजून द्यायचे आहेत, तेवढी देणी आधी वजा करते आणि उरलेल्या मालावर मार्जिन कापून, समजा २५ टक्के, रक्कम ठरवते. मग पाच लाखांचं देणं फिटलं की वजावट पाच लाखांनी कमी होते आणि ड्रॉइंग पॉवर पावणेचार लाखांनी वाढते, अर्थात मंजूर मर्यादेच्या आत. उधारीवरचा माल बँकेच्या लेखी दुकानदाराचा नसतोच. मंजूर मर्यादा वीस लाखांची असूनही ड्रॉइंग पॉवर चौदा-पंधरा लाखांवर अडकली असेल, तर त्यामागे बऱ्याचदा पार्टीची थकलेली देणीच असतात. अशा वेळी बँकेच्या अधिकाऱ्याशी आधी बोलून पहिला महिना पार पाडता येतो.

आता बाजूला ठेवलेला कर हिशेबात आणायला हवा, कारण त्याने चित्र थोडं बदलतं. पाच लाखांच्या मालावर १८ टक्के जीएसटी धरला तर बिल ५,९०,००० चं होतं. बहुतेक ठिकाणी सीडी मूळ किमतीवर मिळते, कराच्या रकमेवर नाही. सवलत दहा हजारच, पण ती मिळवण्यासाठी कराचे ९०,००० सुद्धा वीस दिवस आधी द्यावे लागतात. दहाव्या दिवशी निघणारी रक्कम ५,८०,००० होते. याच पद्धतीने हिशेब केला तर सीडी सोडण्याची वार्षिक किंमत ३७.२ वरून ३१.५ टक्क्यांवर येते. पुस्तकातलं उदाहरण आणि आपल्या बाजारातलं बिल यांत हा फरक पडतो. शेकडा दोनने, म्हणजे दरसाल २४ टक्क्यांनी आणलेला पैसाही इथे सीडीपेक्षा स्वस्तच ठरतो, पण शेकडा तीनने आणला तर तोटा होतो. सीडीचा टक्का मूळ किमतीवर आहे की एकूण बिलावर, हे म्हणूनच पहिल्याच बिलाच्या वेळी विचारून घ्यावं.

विचारून घ्यावी अशी आणखी एक गोष्ट म्हणजे दहा दिवस कधीपासून मोजायचे. बिलाच्या तारखेपासून की माल दुकानात उतरल्यापासून? १ तारखेचं बिल आणि ट्रान्सपोर्टने ५ तारखेला आलेला माल, असं असेल तर माल उघडून, तुटफूट पाहून, परत करायचं ते ठरवून पैसे द्यायला हातात पाच-सहा दिवसच उरतात. पैसे एकदा गेले की खराब मालाबद्दल भांडण्याचा जोर कमी होतो, हाही सीडीचा खर्चच आहे, तो फक्त टक्क्यात मांडता येत नाही. शिवाय सवलत बिलातून थेट कापून द्यायची की आधी पूर्ण रक्कम भरून नंतर क्रेडिट नोट घ्यायची, यातही अंतर पडतं. तीन महिन्यांनी येणाऱ्या क्रेडिट नोटेची वाट पाहताना कितीजण आपल्याकडच्या खात्याशी ती बिलनिहाय ताडून पाहतात? न आलेली क्रेडिट नोट म्हणजे पैसे लवकर देऊनही पूर्ण किंमत मोजणं.

पूर्वी चेक वठण्याची तारीख आणि चेकवर लिहिलेली तारीख यांवरून वाद होत. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू असल्याने दहावा दिवस रविवारी आला तरी पैसे पोचतात. तो गुंता बराच सुटला.

दहावा दिवस हुकला तर काय करायचं, याबाबत भला दुकानदार नेमका चुकतो. सीडी गेली, पण पार्टी चांगली आहे, पैसे आलेच आहेत तर देऊन टाकू, म्हणून पंधराव्या दिवशी पूर्ण लाख रुपये भरतो. त्याने पाच दिवसांसाठी दोन हजार मोजले. वर्षाच्या हिशेबात हा दर १४९ टक्के होतो. बाराव्या दिवशी भरले तर ३७२ टक्के. पूर्ण किंमतच द्यायची असेल तर ज्या दिवसांचे पैसे मोजले ते सगळे वापरावेत आणि तिसाव्या दिवशी भरावं. पैसे देण्याच्या शहाणपणाच्या तारखा दोनच, दहावी आणि तिसावी. पाचव्या दिवशी घाईने भरण्यातही जादा काही मिळत नाही.

मुदत तिसाव्या दिवसाच्याही पुढे ताणली तर आकडा आणखी उतरतो. पंचेचाळिसाव्या दिवशी पैसे दिले तर वार्षिक किंमत २१.३ टक्के, साठाव्या दिवशी १४.९. काही व्यापारी हीच आपली युक्ती मानतात. ती दुसऱ्याच्या खिशातून चालते, आणि माल बनवणारा पुरवठादार सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल तर कायद्याच्याही आड येते. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार अशा उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. २०२३ च्या वित्त कायद्याने त्यात भर घातली. मुदतीनंतर थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय प्राप्तिकरात खर्च म्हणून धरता येत नाही. मुदत ताणून उतरलेला दर या दोन्ही गोष्टी धरल्यावर उतरलेला राहत नाही.

प्रत्येक सीडी घेण्यासारखी असते असंही नाही. ‘पंधरा दिवसांत एक टक्का, नाहीतर साठ दिवस’ अशी अट घ्या. एक टक्का सोडला तर ४५ दिवस मिळतात आणि वार्षिक किंमत ८.२ टक्के पडते. ११ टक्क्यांची सीसी वापरून ही सवलत मिळवणं तोट्याचं आहे, इथे साठ दिवस निवांत घ्यावेत. ‘दहा दिवसांत एक टक्का, नाहीतर तीस’ असेल तर १८.४ टक्के, म्हणजे बँकेपेक्षा महाग. टक्का अर्धा झाला की दरही निम्मा होतो, पण मधले दिवस वाढले की तो झपाट्याने खाली येतो. म्हणून नुसता टक्का ऐकून ठरवता येत नाही, मधे किती दिवस आहेत ते आधी पाहावं लागतं.

अमेरिकी सरकारने हा निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवलेला नाही. तिथे १९८२ च्या प्रॉम्प्ट पेमेंट कायद्याने सरकारी खात्यांना पुरवठादारांची बिलं वेळेवर द्यायला बांधलं. सवलतीबाबत वित्त खात्याचा नियम असा आहे की, सवलतीचा वार्षिक दर काढायचा आणि तो वित्त खात्याने जाहीर केलेल्या पैशाच्या चालू दरापेक्षा जास्त असेल तरच सवलत घ्यायची. त्यांच्या सूत्रात वर्ष ३६० दिवसांचं धरतात, त्यामुळे २/१०, नेट ३० चा दर ३६.७ टक्के येतो.

राहतो प्रश्न विक्रेत्याचा. वीस दिवस आधी पैसे मिळावेत म्हणून तो तरी सदतीस टक्क्यांचा खर्च का सोसतो? बुडीत रक्कम कमी होते, वसुलीला माणूस धाडावा लागत नाही, ही कारणं आहेतच. अर्थशास्त्रज्ञ जॅनेट स्मिथ यांनी १९८७ साली ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये आणखी एक कारण मांडलं. विक्रेत्याला खरेदीदाराच्या आर्थिक स्थितीची आतली माहिती नसते. पण ज्याला बँक अकरा-बारा टक्क्यांनी पैसे देते, तो ३७ टक्क्यांची उधारी वापरणार नाही. सीडी सोडणारा खरेदीदार त्यामुळे नकळत सांगून टाकतो की, त्याला स्वस्त पैसा मिळत नाही. अट सगळ्यांना एकच ठेवायची आणि कोण कुठल्या दिवशी पैसे देतो ते पाहायचं, एवढ्यानेच चांगली आणि कच्ची गिऱ्हाइकं वेगळी होतात. वर्षानुवर्षं दहाव्या दिवशी पैसे देणारी पार्टी अचानक तिसाव्या दिवशी देऊ लागली, तर नियमाने तिने काहीच मोडलेलं नसतं. तरीही जाणता वितरक पुढची गाडी भरण्याआधी तिच्या उधारीच्या मर्यादेकडे पुन्हा एकदा बघतो.

डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही अमेरिकी पतमाहिती संस्था तर हे नोंदवूनच ठेवते. कुठल्या कंपनीने पैसे सवलतीच्या मुदतीत दिले, कोणी वेळेवर दिले आणि कोणी उशिरा, याच्या नोंदी तिच्या अहवालांत वेगवेगळ्या असतात. तिच्या पेडेक्स या शंभरपैकी गुणांकनात वेळेवर पैसे देणाऱ्याला ८० गुण मिळतात. त्यावरचे गुण मुदतीच्या आधी पैसे देणाऱ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत.